बाबांचं टेबल

गेल्या काही महिन्यांत ब्लॉगवर फिरकलो नाही, कारण शनिवार-रविवार सगळे खामगावच्या गाडीत आणि त्यानंतर एलन की फिरवण्यात गेले. म्हणून आज त्याचंच लिहितो. कोडिंगचं काही नाही यात, आधीच सांगून ठेवतो.

तर झालं असं. बाबा चांदीचं काम करतात. खामगावला रजतनगरी म्हणतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्या चांदीमागे किती लोक जमिनीवर मांडी घालून बसलेले असतात ते दिसत नाही. बाबा चाळीसेक वर्षं तसेच बसले. समोर लाकडी ओंडक्यात बसवलेली ऐरण, बाजूला पाट, पाटावर कानशी आणि चिमटे. गेल्या दिवाळीनंतर गुडघ्यांनी हात टेकले. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, खाली बसायचं बंद. बाबा घरी येऊन म्हणाले, "खाली बसनं बंद म्हंजे काम बंद. सरळ सांग ना मंग." आणि दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत.

आईने फोनवर हे सांगितलं आणि मी म्हटलं, टेबल करू. खुर्चीवर बसून काम करता येईल असं. यात काय एवढं, असं मला वाटलं होतं. इंजिनिअर आहे ना मी!

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर गावातल्या कुठल्याही वेल्डरने लोखंडी अँगलचं टेबल माझ्या निम्म्या खर्चात करून दिलं असतं, आणि ते माझ्यापेक्षा ताठ उभं राहिलं असतं. पण दोन अडचणी होत्या. बाबांची खोली माडीवर, आणि जिना इतका अरुंद की जोडलेलं टेबल वर चढलंच नसतं. दुसरी म्हणजे उंची किती हवी ते कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण बाबा आयुष्यात टेबलावर बसले नव्हते. म्हणजे सुटं वर नेता येईल आणि चुकलं तर बदलता येईल असं काहीतरी हवं होतं. तिथून मी ॲल्युमिनियम प्रोफाइलवर आलो.

हे प्रोफाइल तुम्ही पाहिलं असेल. कारखान्यातल्या असेंब्ली लाइनवर, मशीनभोवतीच्या जाळीला, हल्ली थ्रीडी प्रिंटरलासुद्धा असतं. चौकोनी दांडी, आणि तिच्या चारही अंगांना लांबीभर एक खाच. खाच तोंडाशी अरुंद, आत रुंद. आत एक खास नट सरकतो, बाहेरून ब्रॅकेट ठेवायचं, बोल्ट आवळला की नट खाचेच्या ओठांना आतून धरतो आणि ब्रॅकेट बाहेरून दाबलं जातं. वेल्डिंग नाही, भोकं पाडणं नाही. मी ४० बाय ४० मिलिमीटरचं, ८ मिलिमीटर खाचेचं घेतलं, त्याला एम-८ बोल्ट लागतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरूनच सगळा घोळ झाला. या जोडात बोल्ट वजन अडवत नाही. बोल्ट फक्त दाबतो. दांडी जागेवर राहते ती घर्षणामुळे. दाब कमी पडला की ब्रॅकेट खाचेवरून सरकतं, अगदी ट्रॅकवरच्या पडद्यासारखं.

कागदावर माप काढलं. रुंदी १२००, खोली ७००, चार खांब प्रत्येकी ८०० मिलिमीटर. वरच्या लांब दांड्या खांबांच्या मधे बसणार, म्हणजे १२०० वजा दोन खांबांचे ८०, झाले ११२०. आडव्या दांड्या तशाच ६२०. वरच्या दोन लांब दांड्या मात्र ४० बाय ४० न घेता ४० बाय ८० घेतल्या आणि उभ्या कडेवर ठेवल्या. का, ते कॉलेजातल्या एका सूत्रात आहे:

```
δ = F·L³ / (48·E·I)
```

दांडीच्या मधोमध ५० किलो, म्हणजे साधारण ५०० न्यूटन टेकले, लांबी ११२० मिलिमीटर, ॲल्युमिनियमचा ई ७०,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. ४० बाय ४० च्या हलक्या प्रोफाइलचा आय साधारण ९ सेंटिमीटर घात चार, म्हणजे ९०,००० मिलिमीटर घात चार. उत्तर येतं २.३ मिलिमीटर. कानस मारताना टेबल दोन मिलिमीटर वाकतंय हे बाबांनी एका सेकंदात ओळखलं असतं. ४० बाय ८० उभी ठेवली की आय साधारण साडेसहा पट होतो आणि वाक एक तृतीयांश मिलिमीटरवर येतो. लोखंडाचा ई ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट असतो, म्हणून लोखंडात जी जाडी चालून जाते ती इथे चालत नाही. हे एवढं गणित मी बरोबर केलं. बाकीचं चुकलं.

पुण्याहून माल कापून घेतला, खांबांच्या खालच्या टोकाला मधल्या भोकात एम-८ आटे पाडून घेतले (पायांचे बूट बसवायला), आणि सगळं ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून शनिवारी सकाळी खामगाव. वीसेक किलो ओझं. जिना दोन खेपांत चढलो. बाबा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "हे खिडकीचं सामान हाय का बे?"

दुपारपर्यंत सांगाडा उभा राहिला. आणि मग मला जाणवलं की एलन की अगदी घट्ट होतेय, पुढे फिरत नाहीये, पण ब्रॅकेट हाताने सरकतंय. सगळीच नाही, चारपाच. पहिल्यांदा वाटलं नट आत वळला नसेल. हे नट आडवे आत टाकायचे असतात आणि बोल्ट फिरवताना ते पाव फेरा वळून खाचेत अडकतात. कधीकधी न वळताच राहतात आणि बोल्ट ओढला की बाहेर येतात. पण इथे नट वळलेले होते. ओढून पाहिलं, बाहेर येत नव्हते.

तासभर डोकं खाजवल्यावर बोल्टची लांबी मोजली. खाच तळापर्यंत १२ मिलिमीटर खोल, ब्रॅकेटची जाडी ५. एकूण १७. आणि मी बोल्ट आणले होते २० मिलिमीटरचे! म्हणजे बोल्टचं टोक खाचेच्या तळाला टेकत होतं. मी आवळत होतो तो ब्रॅकेट नाही, तो तळ. हाताला घट्टपणा तोच लागतो, फसतो माणूस. ओळखायची खूण एकच: बोल्ट आवळून झाल्यावर ब्रॅकेट पकडून खाचेच्या दिशेने हिसका द्यायचा. बोल्ट घट्ट आणि ब्रॅकेट हलतंय, तर बोल्ट लांब आहे. हवे होते १६ मिलिमीटरचे.

शनिवारी संध्याकाळी गावात एम-८ चे १६ मिलिमीटरचे एलन बोल्ट शोधत तीन हार्डवेअरची दुकानं फिरलो. २० होते, २५ होते, १६ नव्हते. शेवटी प्रत्येक बोल्टखाली दोन-दोन वॉशर घातले. वॉशर १.६ मिलिमीटरचा, दोन म्हणजे ३.२. सतरा अधिक ३.२ म्हणजे २०.२. मोकळी जागा ०.२ मिलिमीटर. कागदावर बसतं. असो, पुढे सांगतो.

रविवारी काटकोन. सगळे बोल्ट आधी अर्धवट ढिले ठेवायचे, बूट फिरवून लेव्हल बघायची, मग कर्ण मोजायचे, आणि मगच आवळायचं. माडीवरची फरशी मागच्या भिंतीकडे उतरती, त्यामुळे दोन बूट बऱ्यापैकी बाहेर काढावे लागले. १२०० बाय ७०० चौकटीचा कर्ण १३८९ यायला हवा. माझा एक आला १३९३ आणि दुसरा १३८५. चौकट आठ मिलिमीटर तिरकी. अशा वेळी मोठ्या कर्णाचे दोन कोपरे एकमेकांकडे दाबायचे, फरकाच्या निम्मं, म्हणजे चार मिलिमीटर. आईने एक कोपरा धरला, मी दुसरा ढकलला, १३८९ झालं, आवळलं. गुण्या लावून एकेक कोपरा बघत बसण्यापेक्षा हे बरं, कारण दांडीचं टोक जरा तिरकं कापलेलं असलं तर कोपऱ्यातला गुण्या फसवतो, कर्ण फसवत नाही.

वर १८ मिलिमीटरचा प्लाय टाकला. बूट धरून उंची आली ८५८. ऑफिसच्या टेबलापेक्षा चांगलं दहा सेंटिमीटर उंच, मला वाटलं भरपूर आहे. बाबा खुर्चीवर बसले, कानस घेतली, एक पैंजणाचा तुकडा हातात घेतला आणि पाठ वाकवून त्याच्यावर झुकले. काही बोलले नाहीत. मला गाडी पकडायची होती, मी निघालो.

गुरुवारी फोन. "एक कोपरा खाली बसला." किती? "चांदीचा मणी ठेवला तं घरंगळते." आणि मग जरा थांबून, "आन् तार ओढाले घेतली का टेबल मागंच येते माह्या."

इथे तार ओढणं काय ते सांगायला हवं. चांदीची तार बारीक करायची तर पोलादी पट्टीतल्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ती ओढतात. पट्टी टेबलाला शिकंज्यात धरायची, तारेचं टोक सांडशीत पकडायचं आणि अंगाचा जोर लावून स्वतःकडे खेचायचं. म्हणजे टेबलावर आडवा जोर, सरळ पुढच्या दिशेने, आणि तोही हिसके देत. मी वजनाचं गणित केलं होतं. आडव्या जोराचं केलंच नव्हतं. का? कारण मी बाबांना विचारलंच नव्हतं की टेबलावर नेमकं काय काय करणार. ऑफिसमध्ये रिक्वायरमेंट्स न विचारता काम सुरू करणाऱ्यांवर मी किती वैतागतो! असो.

पुढच्या शनिवारी जाताना १६ मिलिमीटरचे पन्नास बोल्ट खिशात होते.

आधी तो बसलेला कोपरा. टेप लावली, पुढचा डावा कोपरा तीन मिलिमीटर खाली. बोल्ट काढला, टोकाला चकचकीत खरचटलेली खूण. त्या एका जागी खाच किंचित उथळ असावी, ०.२ ची मोकळीक संपली, बोल्ट पुन्हा तळाला टेकला आणि ब्रॅकेट नुसतं लोंबकळत होतं. आठवडाभर कानस मारल्याच्या थरथरीने दांडी खांबावरून घसरत गेली. पडली नाही हे नशीब.

बोल्ट बदलून हे सुटलं असतं. पण मी टेबलाखाली आडवा पडून वर बघत होतो आणि मला तेव्हा कळलं की मुळात रचनाच चुकीची आहे. दांड्या खांबांच्या मधे, म्हणजे टेबलावरचं सगळं वजन चार कोपऱ्यांतल्या घर्षणावर. त्याऐवजी दांडी खांबाच्या डोक्यावर ठेवली तर वजन सरळ दांडीतून खांबात आणि खांबातून जमिनीत. ब्रॅकेटने फक्त दांडीला इकडेतिकडे होऊ द्यायचं नाही. बोल्ट उद्या ढिला झाला तरी टेबल खाली यायचं नाही.

आणि गंमत म्हणजे यात उंचीपण वाढत होती. ८० मिलिमीटरची दांडी खांबावर चढली की ८५८ चं ९३८. बाबांना खुर्चीवर बसवून, कोपर वाकवून हातात कानस देऊन मी मापलं. त्यांना काम छातीच्या जरा खाली हवं होतं, डोळ्यांजवळ, म्हणजे पाठ वाकत नाही. पुस्तकं खाली रचून प्लाय उचलला तेव्हा ९४ सेंटिमीटरला ते म्हणाले, "आत्ता बराबर." दोन मिलिमीटर बुटाने भरून काढता येतात.

लांब दांड्या ११२० च्या होत्या, त्या तशाच खांबांवर ठेवल्या, म्हणजे टेबलाचा सांगाडा १२०० ऐवजी ११२० रुंद झाला. प्लाय दोन्हीकडे चाळीस-चाळीस मिलिमीटर बाहेर, शिकंजा लावायला ते बरंच पडलं. ६२० च्या आडव्या दांड्या आता दोन लांब दांड्यांच्या मधे, खोली ७०० कायम. फक्त खालच्या लांब दांड्या ११२० वरून १०४० करायच्या होत्या. त्या स्लायडिंग खिडक्या करणाऱ्या एका दुकानात कापून घेतल्या. त्यांच्याकडे ॲल्युमिनियम कापायचं चक्र असतंच. त्याने पाच मिनिटांत कापल्या आणि पैसे घेईना, नुसतं विचारत राहिला की ही खाच कशासाठी आहे.

आता आवळायचं किती? टॉर्क रेंच आमच्याकडे नाही. पण आईकडे रद्दी तोलायचा स्प्रिंगचा ताणकाटा आहे. एलन कीवर बोल्टपासून १५ सेंटिमीटरवर दोरी बांधली, दोरीत काटा अडकवला आणि काटकोनात ओढलं. काट्यावर १० किलो आले की साधारण १५ न्यूटन मीटर. माझ्या नटांना तेवढं चालत होतं (तुमच्या नटाची मर्यादा विकणाऱ्याच्या तक्त्यात बघा, हलके नट याहून कमी सहन करतात, आणि ॲल्युमिनियमचा ओठ एकदा उचकटला की ती जागा कायमची गेली). चारपाच बोल्ट असे मापून आवळले की हाताला अंदाज येतो, मग उरलेले हातानेच.

राहिली तार. काटा टेबलाच्या पुढच्या कडेला अडकवला, बाबा खेचतात त्या दिशेने २० किलो ओढलं, आणि बाजूच्या भिंतीवर पेन्सिलने खूण करत गेलो. कड नऊ मिलिमीटर पुढे येत होती. ब्रॅकेट लहान, खांब उंच, चौकट समांतरभुज चौकोनासारखी कलते. मी शहाणपणाने मागच्या बाजूला १२ मिलिमीटरचा प्लाय बोल्टने ठोकला, आणि पुन्हा ओढलं. आठ मिलिमीटर! मागची फळी टेबलाचं डावं-उजवं हलणं थांबवते. बाबा ओढतात पुढे. पुढे-मागे कलणं थांबवायला फळ्या डाव्या-उजव्या अंगाला हव्यात. पुन्हा प्लायवाला, पुन्हा दोन तुकडे, प्रत्येक फळी चारही कडांना खाचेत बोल्टने धरलेली. नुसती कोपऱ्यांत धरली तर फळी बोल्टाभोवती थोडी फिरते, म्हणून मधेही एकेक बोल्ट. पुन्हा २० किलो. पेन्सिलच्या दोन खुणा जेमतेम एक मिलिमीटर अंतरावर आल्या.

बाबांनी शिकंजा लावला, पट्टी धरली, तार अडकवली आणि खेचली. पहिल्या भोकातून तार सरसर आली. दुसऱ्यातून आली. टेबल जागेवर. त्यांनी टेबलाकडे पाहिलं नाही, तारेकडे पाहत राहिले, म्हणजे टेबल पास झालं असं मी समजलो.

मी उत्साहात म्हटलं, "बाबा, ऐरण पण घ्या ना वर." तर म्हणाले, "येडा हायेस का? ऐरण जमिनीवरच पाह्यजे. ठोक्याले खाली माती लागते." आणि ते खरंच होतं. हातोडीचा प्रत्येक ठोका त्या अठ्ठेचाळीस बोल्टांना थोडा थोडा ढिला करत गेला असता, आणि हलकं टेबल ठोका परतवण्याऐवजी स्वतःच थरथरलं असतं. मग ऐरणीसाठी वेगळा उपाय केला, म्हणजे प्रोफाइलशी काही संबंध नसलेला: लाकूडवाल्याकडून बाभळीचा ६० सेंटिमीटर उंच ओंडका आणला, तो टेबलाला न टेकवता बाजूला जमिनीवर उभा केला आणि त्यात ऐरण बसवली. स्टुलावर बसून ठोकता येतं. जड ठोकणं बाबा आता कमी करतात, पण करतात.

निघायच्या आधी शेवटचं काम केलं. आईची जुनी नेलपॉलिश घेऊन प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर एक लाल रेघ ओढली. बोल्ट जराही फिरला की रेघ तुटते, लांबून दिसतं, की लावून बघायला नको. महिन्याभराने फोनवर विचारलं, रेघा कशा आहेत? बाबा म्हणाले, "दोन तुटल्या. उजव्या फळीच्या. मीच आवळल्या." दोन्ही तार ओढायच्या बाजूच्या, पुढच्या खांबावरच्या. तिथे आता स्प्रिंग वॉशर नेऊन टाकायचेत. परवाच्या रविवारी जातोय.

खर्च आईला अजून सांगितलेला नाही. तुम्हीही विचारू नका!